हेज्जे, गेज्जे आणि लोणी : कन्नड पद मराठीत चालीसकट आणताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हळदीकुंकवाला किंवा श्रावणातल्या शुक्रवारी एकाच सतरंजीवर मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या बायका बसलेल्या असतात. कन्नड संतकवी पुरंदरदासांचं ‘भाग्यद लक्ष्मी बारम्मा’ तिथं हमखास होतं. चाल सगळ्यांना येते, शब्द निम्म्यांनाच कळतात. अशा मंडळीसाठी पद मराठीत करायचं, तर त्याच चालीत बसलं पाहिजे, यमक कानाला लागलं पाहिजे. शिवाय समोर दोन्ही भाषा जाणणारे असतात, त्यामुळं काय निसटलं ते त्यांना तिथल्या तिथं ऐकू येतं. म्हणून निसटलेलं लपवण्यापेक्षा नीट नोंदवून सांगावं. हे काम कसं करायचं, ते या पदाचं पालुपद आणि पहिलं कडवं घेऊन पायरी पायरीनं पाहू.

आधी शब्द कानाप्रमाणे लिहून घ्या

पहिली चूक लिहून घेतानाच होते. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. मराठीत ए आणि ओ मोजताना नेहमी दीर्घच, म्हणजे दोन मात्रांचे धरले जातात. त्यामुळं कन्नड शब्द साध्या देवनागरीत उतरवले की मात्रांचा हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो. देवनागरीत ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांसाठी ॆ आणि ॊ ही चिन्हं आहेत, ती वापरा. ‘बॅट’ मधल्या ॅ शी त्यांची गल्लत करू नका. कळफलकावर ती सापडत नसतील, तर कागदावर ऱ्हस्व अक्षराखाली पेन्सिलीनं ठिपका द्या. कुठलं अक्षर आखूड हे कानाला कळेना, तर शेजारच्या कन्नडभाषक बाईंकडून ओळ गाऊन न घेता सावकाश वाचून घ्या. गाताना आखूड स्वरही लांबतो आणि फसवतो.

पहिलं कडवं असं आहे. गाणाऱ्यांत थोडे पाठभेद आहेत, त्यातला एक पाठ ठरवून तोच शेवटपर्यंत धरा.

हॆज्जॆय मेलॆ हॆज्जॆयनिक्कुत
गॆज्जॆ काल्गळ ध्वनिय तोरुत
सज्जन साधु पूजॆय वेळॆगॆ
मज्जिगॆयॊळगिन बॆण्णॆयंतॆ

मग टाळी धरून साचा काढा

आता अर्थ बाजूला ठेवा. मांडीवर सारख्या अंतरानं टाळी देत ओळ म्हणा आणि प्रत्येक टाळीवर कुठलं अक्षर येतं तिथं उभी रेघ मारा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ अक्षराची दोन, आणि जोडाक्षराच्या आधीचं अक्षर आघातानं जड होत असेल तर त्याच्याही दोन. जिथं अक्षरं कमी पडतात आणि गळा ओढून भरून काढतो, तिथं ऽ लिहा.

हॆज्जॆय | मेलॆऽ | हॆज्जॆय | निक्कुत
गॆज्जॆऽ | काल्गळ | ध्वनियऽ | तोरुत
सज्जन | साधुऽ | पूजॆय | वेळॆगॆ
मज्जिगॆ | यॊळगिन | बॆण्णॆऽ | यंतॆऽ

चार चार मात्रांचे चार गट, ओळीला सोळा मात्रा. मराठीत हा साचा परका नाही. आपल्याकडं त्याला पादाकुलक म्हणतात आणि कितीतरी बालगीतं, भूपाळ्या त्यात आहेत. त्यामुळं हे पद मराठीत येऊ शकतं हे शब्द शोधायच्या आधीच कळतं. साचा सापडलाच नाही, उदाहरणार्थ पाच पाच मात्रांचा गट निघाला, तर मराठी शब्दांची निवड अगदी वेगळी करावी लागते. म्हणून ही पायरी टाळू नका.

बेरीज सोळा आली म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. ‘पावलावरी पाउल टाकित’ ही ओळ मोजून पाहा. पा-व-ला-व-री आठ, पाउल चार, टाकित चार, एकूण बरोबर सोळा. पण टाळीवर म्हणा. पहिला गट ‘पाव’ नंतर ‘ला’ च्या अर्ध्यावर संपतो आणि दुसरी टाळी ‘ला’ च्या पोटात पडते. ऐकणाऱ्याला ‘पावला आवरी’ असं काहीतरी ऐकू येतं. कन्नड ओळीत प्रत्येक टाळी नव्या अक्षरावर, बहुतेक वेळा नव्या शब्दावर पडते. म्हणून बेरजेपेक्षा गट महत्त्वाचा. मराठी शब्द निवडताना तो चार मात्रांचा किंवा आठ मात्रांचा आहे का, आठचा असेल तर मधोमध तुटतो का, हे आधी पाहा.

दुसरी गोष्ट शब्दांच्या शेवटाची. कन्नड शब्द बहुतेक स्वरानं संपतो आणि तो स्वर स्पष्ट उच्चारला जातो. मराठीत आपण ‘टाकित’ लिहितो आणि ‘टाकित्’ म्हणतो. बोलताना ते ठीक, पण ओळीच्या शेवटी गळ्याला धरायला काही उरत नाही. मग गाणारी बाई ‘टाकितऽऽ’ असं अ लावून ओढते आणि शब्द ओळखू येईनासा होतो. ओळीच्या शेवटी आणि जिथं तान किंवा ठहराव आहे तिथं आ, ई, ए, ओ यांनी संपणारा शब्दच ठेवा. ओळीच्या मध्ये व्यंजनान्त शब्द चालतात, उलट ठेका घट्ट करतात.

शब्दाला शब्द लावून कच्चा अर्थ

आता प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ लिहा, कितीही ओबडधोबड दिसला तरी.

हॆज्जॆ म्हणजे पाऊल. मेलॆ म्हणजे वर. इक्कुत म्हणजे ठेवत. गॆज्जॆ म्हणजे घुंगरांचं पायातलं. काल्गळ म्हणजे पायांचा. ध्वनिय म्हणजे आवाज, तोही कर्म म्हणून. तोरुत म्हणजे दाखवत. सज्जन साधु पूजॆय वेळॆगॆ म्हणजे सज्जन साधूंच्या पूजेच्या वेळेला. मज्जिगॆ म्हणजे ताक, ऒळगिन म्हणजे आतलं, बॆण्णॆ म्हणजे लोणी, अंतॆ म्हणजे सारखी. क्रियापद कडव्यात नाहीच. ते पालुपदात आहे, ‘बारम्मा’, म्हणजे ये. पाऊल टाकत, आवाज करत, लोण्यासारखी ये, असं सगळं कडवं त्या एका ‘ये’ ला येऊन मिळतं.

या कच्च्या अर्थावर थोडा वेळ थांबा, कारण फसवे शब्द इथंच सापडतात. ‘हॆज्जॆय मेलॆ हॆज्जॆ’ चं सरळ मराठी ‘पावलावर पाऊल’. पण मराठीत पावलावर पाऊल ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या मागून जाणं, त्याचा कित्ता गिरवणं. मूळ ओळीत लक्ष्मी कुणाचा कित्ता गिरवत नाही. ती एकामागून एक पाऊल टाकत, घाई न करता येते. शब्द तंतोतंत जुळला आणि अर्थ उलटा झाला. तसंच ‘ध्वनिय तोरुत’. कन्नडमध्ये आवाज ‘दाखवणं’ कानाला खटकत नाही, मराठीत ‘नाद दाखवत’ म्हटलं की भाषांतर आहे हे उघडं पडतं.

कन्नडबहुल भागात राहणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. दोन्ही भाषा रोज तोंडात असल्यानं कन्नड वळणाचं मराठी वाक्य आपल्याला चुकीचं वाटतच नाही. ओळ लिहून झाल्यावर कन्नड अजिबात न येणाऱ्या, समजा सातारा किंवा नाशिककडच्या, माणसाला ती नुसती वाचून दाखवा आणि त्याला काय समजलं ते विचारा. ओळीचं कौतुक करायला सांगू नका, अर्थ सांगायला सांगा.

यमक कुठं ठेवायचं

या पदात यमक नाही असं मराठी वाचकाला पहिल्यांदा वाटतं. निक्कुत-तोरुत जुळतात, वेळॆगॆ-बॆण्णॆयंतॆ जुळत नाहीत. पण कन्नड कान ओळीच्या शेवटाकडं पाहतच नाही. तो ओळीच्या सुरुवातीला दुसऱ्या अक्षराकडं पाहतो. हॆज्जॆ, गॆज्जॆ, सज्जन, मज्जिगॆ. चारही ओळींत दुसऱ्या जागी ‘ज्ज’. याला आदिप्रास म्हणतात. जुन्या कन्नड पद्यात तो जवळजवळ सक्तीचा आहे आणि पहिलं अक्षरही सारख्याच वजनाचं लागतं.

हा प्रास मराठीत जसाच्या तसा आणायचा मोह होतो. ‘सज्जन’ आयता मिळतो, मग लज्जा, सज्जा, उज्ज्वल असे शब्द गोळा होतात, आणि लक्ष्मीच्या पावलांशी त्यांचा काही संबंध नसतो. त्याहून मोठी अडचण अशी, की इतकं करूनही मराठी श्रोता तो प्रास ऐकत नाही. त्याचा कान ओळीच्या टोकाला थांबलेला असतो आणि तिथं काही न जुळल्यामुळं त्याला पद बिनयमकाचंच वाटतं. म्हणून यमक सुरुवातीवरून शेवटाकडं हलवा.

पण याच पदाचं कनकवृष्टीचं कडवं पाहा. त्याच्या ओळी कनक, मनकामना, दिनकर, जनक अशा सुरू होतात. हे शब्द संस्कृतातून दोन्ही भाषांत आलेले आहेत. तिथं मराठीतही ओळी याच शब्दांनी सुरू करता येतात आणि मूळचा प्रास न मोडता शेवटी मराठी यमकही देता येतं. हॆज्जॆ-गॆज्जॆ हे अस्सल कन्नड शब्द, ते ओलांडत नाहीत. त्यामुळं कुठला प्रास वाचवायचा हे सगळ्या पदासाठी एकदम ठरवू नका, कडव्यागणिक ठरवा.

शेवटी यमक ठेवायचं तर किती ओळींना? चारही ओळींना एकच यमक घेतलं तर भरतीचे शब्द येतात. उदाहरणार्थ चौथी ओळ ‘ताकामधले जैसे लोणी’ केली, तर चटकन ‘कोणी’ सुचतं आणि तिसरी ओळ होते ‘साधू सज्जन पूजिति कोणी’. मात्रा सोळा, गट बरोबर, यमक चोख. पण ‘कोणी’ मुळं पूजा करणारे साधू कुणीतरी अनोळखी होऊन बसले. मूळ ओळ म्हणते की सज्जनांच्या पूजेच्या वेळेला ये, म्हणजे आमच्या इथं, आत्ता. यमकाचा शब्द काढून ओळ वाचा. अर्थ तसाच राहिला किंवा सुधारला, तर तो शब्द भरतीचा आहे, त्याला ठेवू नका. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला पक्कं यमक आणि पहिल्या-तिसऱ्याला मोकळीक, एवढं या चालीला पुरतं.

ओळी कशा जमत जातात

काम सुरू करायचं ते सगळ्यात अवघड आणि सगळ्यात न सोडता येण्याजोग्या ओळीपासून. इथं ती चौथी आहे. ताकातल्या लोण्याची उपमा गेली तर या कडव्यात उरतं काय? आधीच्या तीन ओळी इतर देवींच्या पदांतही सापडतील.

‘सारखी’ साठी मराठीत सम, जैसी, परी, सारखी, गत, वाणी असे बरेच शब्द आहेत. ‘सारखी’ पाच मात्रांचा, गटात बसत नाही. ‘परी’ चा दुसरा अर्थ ‘पण’ असा ऐकू येतो. ‘वाणी’ चार मात्रांचा, ईकारान्त, आणि खेड्यातल्या बोलीतला, म्हणजे ताक-लोण्याच्या घरातलाच. ‘लोण्यावाणी’ आठ मात्रा, मधोमध नीट तुटतो. ओळीचा शेवट मिळाला.

सुरुवातीला ‘ताकामधुनी लोण्यावाणी’ लिहिलं जातं. चार, चार, चार, चार. गातानाही सुरेख. पण कच्च्या अर्थाकडं परत जा. ‘ऒळगिन’ म्हणजे आतलं, आत असलेलं. ‘आतून येणारं’ नव्हे. लोणी ताकात आधीपासून आहे, दिसत नाही इतकंच. घुसळलं की वर येतं. लक्ष्मी बाहेरून कुठून येत नाही, ती घरात आहेच, पूजेनं दिसू लागते, असा तो भाव. ‘मधुनी’ नं ती बाहेर निघाली. ‘ताकामधल्या लोण्यावाणी’ केलं की ‘आतलं’ परत मिळतं. ‘मधल्या’ च्या मात्रा मोजताना ‘ल्या’ आधीच्या ‘ध’ ला जड करतो का, असा प्रश्न पडेल. मराठी उच्चारात तिथं आघात नाही, म्हणून ‘म-ध-ल्या’ एक, एक, दोन. कुणी ‘मध्-ल्या’ म्हटलं तर दोन, दोन. दोन्हीकडून चारच.

‘वाणी’ शी जुळणारा शब्द दुसऱ्या ओळीला हवा. पाणी, राणी, कहाणी, गाणी. ओळ पायांच्या आवाजाची आहे, म्हणून ‘गाणी’. आता गॆज्जॆसाठी शब्द. घुंगरू म्हटलं की फड आठवतो, नाहीतर बैल. चाळ तर सरळ नाचणारीचे. पैंजण घरातल्या सुनेच्या, मुलीच्या पायात असतात आणि शब्द चार मात्रांचा आहे. ‘पैंजण गाती मंजुळ गाणी’. ‘पायांचा’ हा शब्द गेला, पण पैंजण पायातच असल्यानं तो सांगायची गरजही नाही. ‘मंजुळ’ मात्र मुळात नाही. तो चार मात्रांचा गट भरायला आला आहे, हे लक्षात ठेवून पुढं हिशेबात मांडू.

तिसऱ्या ओळीत सुदैव आहे. सज्जन, साधू, पूजा, वेळ हे चारही शब्द दोन्ही भाषांत आहेत. ‘सज्जन साधू पूजेवेळी’. साधू दीर्घ केल्यामुळं कन्नडमध्ये गळ्यानं ओढलेली मात्रा इथं अक्षरानंच भरली.

पहिल्या ओळीत ‘पावलावर पाऊल’ नको हे ठरलंच. मूळ ओळीतली खरी गंमत हॆज्जॆ शब्द दोनदा येण्यात आहे. तो दोनदा ऐकला की चालणं ऐकू येतं. ‘हळुहळु पाउल पुढती टाकित’ मध्ये अर्थ सांगितला गेला, चालणं ऐकू आलं नाही. ‘पाउल पाउल टाकित येई’ मध्ये दोन्ही जमतं, आणि ‘येई’ मुळं ओळ स्वरान्त झाली.

पाउल पाउल टाकित येई
पैंजण गाती मंजुळ गाणी
सज्जन साधू पूजेवेळी
ताकामधल्या लोण्यावाणी

पालुपद शेवटी घ्या

पालुपद सर्वांत जास्त वेळा ऐकलं जातं, म्हणून त्याला घाईनं हात घालू नका. कडव्याची भाषा ठरली की त्याला जुळेल असं पालुपद करता येतं. मूळ असं, ‘भाग्यद लक्ष्मी बारम्मा, नम्मम्म नी सौ-भाग्यद लक्ष्मी बारम्मा’.

‘भाग्याची लक्ष्मी’ चालत नाही. ‘भाग्याची’ सहा मात्रांचा, त्यामुळं ‘लक्ष्मी’ टाळीवरून घसरते आणि टाळी ‘ष्मी’ वर पडते. ‘भाग्यऽ | लक्ष्मी | ये गे | आई’ असं केलं की लक्ष्मी आपल्या जागी उभी राहते.

‘नम्मम्म नी सौ’ हा तुकडा म्हणजे दुसऱ्यांदा ‘भाग्य’ टाळीवर पडण्याआधीची चढण आहे. त्याच्या नऊ मात्रा. ‘सौ’ टाळीच्या आधी लोंबत राहतो आणि ‘भाग्य’ पुन्हा पहिल्याच जागी पडतो, हीच तिथली करामत. मराठीत सौभाग्य शब्द तोच असल्यानं ती सहज टिकते. राहिला ‘नम्मम्म नी’, म्हणजे आमची आई तू. इथं मराठीला एक निवड करावी लागते जी कन्नडला करावी लागत नाही. कन्नड ‘नम्म’ मध्ये आमची आणि आपली दोन्ही येतं. मराठीत ‘आमची’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपली’ म्हटलं की आत. समोर लक्ष्मीलाच हाक आहे म्हणून व्याकरणानं ‘आमची’, पण शेजारी बसलेल्या बायकांना धरून ‘आपली’. हा गुंता ‘माउली तू सौ’ नं सुटतो. मात्रा नऊच, आई आली, जिव्हाळा आला आणि आमची-आपलीचा प्रश्न निघाला.

भाग्यलक्ष्मी ये गे आई
माउली तू सौभाग्यलक्ष्मी ये गे आई

‘बारम्मा’ चा शेवट उघड्या ‘आ’ वर आहे, ‘आई’ चा ‘ई’ वर. उंच सुरात ‘ई’ धरली की आवाज चिरकतो. म्हणून ‘आऽऽऽ’ धरून ‘ई’ ला अगदी शेवटी नुसता स्पर्श करायचा, हे गाणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. फक्त सीमाभागातल्या श्रोत्यांसमोर गायचं असेल, तर ‘ये गे अम्मा’ ही सरळ ठेवता येईल. मात्रा त्याच आहेत, ओठ मिटून उघडणारा ‘म्म’ राहतो आणि शेवटचा ‘आ’ परत मिळतो. अम्मा आपल्याकडं सगळ्यांना कळते. पुणे-कोल्हापूरच्या कार्यक्रमाला ‘आई’ घ्यावं. एका पदाची अशी दोन रूपं ठेवण्यात काही वावगं नाही, मात्र एका बैठकीत दोन्ही मिसळू नका.

गाऊन तपासणी

कागदावर पक्कं झालेलं पद तीन वेळा गाऊन घ्या. पहिल्यांदा मूळ चालीत स्वतः, टाळीसकट. जिथं श्वास कमी पडतो किंवा जीभ अडखळते तिथं खूण करा. दुसऱ्यांदा ज्यांना मूळ पद पाठ आहे पण तुमचं रूप माहीत नाही, अशा दोघी-तिघींच्या हातात कागद द्या. त्या ज्या जागी चुकून मूळ कन्नड शब्द गातात, तिथं तुमचा शब्द चालीशी भांडतो आहे. या कडव्यात असं बहुतेक ‘पैंजण’ पाशी होईल, कारण मूळ ‘गॆज्जॆऽ’ मध्ये गळा ओढायला जागा आहे आणि ‘पैंजण’ नं ती अक्षरांनी भरून टाकली. तिथं मुरकी घ्यायची सवय असेल तर ती सोडावी लागेल. तिसऱ्यांदा कुणाला तरी कागद न देता नुसतं ऐकवा आणि ऐकलेलं लिहून काढायला सांगा. लिहिताना जो शब्द चुकला तो ऐकू येत नाही असं समजा.

काय निसटलं त्याचा हिशेब

हा हिशेब पद करताना, ताजा असतानाच लिहा. नंतर आपल्याच ओळीची सवय होते आणि मुळात काय होतं ते आठवेनासं होतं. प्रत्येक ओळीसमोर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. काय गेलं, काय नवं आलं, आणि काय जागा बदलून राहिलं.

या पदात सर्वांत मोठं गेलं ते ‘ज्ज’ चं. हॆज्जॆ आणि गॆज्जॆ, पाऊल आणि पैंजण, कन्नडमध्ये एकाच आवाजाचे शब्द आहेत. जोडाक्षराचा तो दाब म्हणजे जमिनीवर पडणारं पाऊल, आणि तोच दाब पुढं सज्जन आणि ताकापर्यंत जातो. जणू ती चालत चालत चारही ओळी ओलांडून येते. मराठीत पाउल, पाउल, पैंजण, पूजा असा ‘प’ येत राहतो, पण तो हलका आहे. पावलाचं वजन त्यात नाही. हे भरून निघत नाही, हे सांगून टाकावं.

दुसरं गेलं ते कर्तेपण. मुळात ती स्वतः आवाज ‘दाखवत’ येते, मी येते आहे हे कळवत येते. आपल्या ओळीत पैंजण गातात. लक्ष्मी थोडी गप्प झाली. ‘मंजुळ’ आणि ‘गाणी’ नं आलेला गोडवाही आपला, मुळात नुसता ध्वनी आहे.

‘अम्मा’ चं ‘आई’ झालं त्यात एक अर्थ गळला. कन्नड घरात ‘बारम्मा’ आईला म्हणतात, शेजारणीला म्हणतात आणि लहान लेकीलाही लाडानं म्हणतात. त्या हाकेत देवी मोठी आहे आणि लेकीसारखी लाडकीही. मराठी ‘आई’ फक्त मोठी. ‘माउली’ नं आणखी एक रंग आणला. मराठी कानाला त्यातून लगेच वारी आणि विठू ऐकू येतात. पुरंदरदासांची नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’ असल्यानं हा रंग अगदी परका नाही, पण कर्नाटकातल्या हरिदास परंपरेचं पद त्यामुळं वारकरी वाटू लागतं. आणि ‘सौभाग्य’ शब्द तसाच राहिला तरी मराठीत तो ऐकला की आधी कुंकू आठवतं. पदात भाग्याचाच तो वाढलेला, चांगला अर्थ आहे. शब्द न बदलता अर्थ आकसतो तो असा, आणि हे सहज नजरेतून सुटतं.

कनकवृष्टीच्या कडव्याला हात घातलात तर तिथं ‘करॆयुत’ हा शब्द भेटेल. कन्नडमध्ये करॆ म्हणजे बोलावणं, करॆ म्हणजे दूध काढणं, आणि करॆ म्हणजे वर्षाव करणंही. सोनं बरसवत ये, या अर्थामागं गाईची धार उभी असते, आणि आधीच्या कडव्यातलं ताक-लोणी आठवून ती आणखी ठळक होते. मराठी ‘वर्षत’ मध्ये फक्त पाऊस उरतो.

जे टिकलं तेही लिहा, नाहीतर हिशेब एकांगी होतो. ‘नी’ चं ‘तू’ झालं, दोन्हीकडं देवाशी एकेरी बोलतात, तिथं काहीच गेलं नाही. लोण्याची उपमा पूर्ण आली. वेळॆगॆ आणि वेळी तर एकाच शब्दाची दोन रूपं.

हे श्रोत्यांना कसं सांगायचं

पुस्तिकेत छापायचं असेल तर समोरासमोरच्या पानांवर मूळ आणि मराठी ठेवा आणि हिशेबातल्या चार-पाच नोंदी खाली द्या. मूळ देवनागरीत छापताना ऱ्हस्व चिन्हं काढू नका, नाहीतर मराठी वाचक ‘हेऽज्जेऽ’ असं गाईल. बैठकीत सांगायचं असेल तर गाण्याआधी मिनिटभराच्या वर बोलू नका आणि फक्त कानानं पडताळता येईल तेवढंच सांगा. सौभाग्याचा आकसलेला अर्थ छापायला ठीक, बोलायला लांबतो. या कडव्यापूर्वी निवेदन असं करता येईल :

‘मूळ पदात पावलाला हेज्जे म्हणतात आणि पैंजणाला गेज्जे. ताकाला मज्जिगे. ऐकताना हा ज्ज कानावर पडत राहतो, तो लक्ष्मीच्या पावलाचा आवाज आहे. मराठीत आम्हाला तो आणता आला नाही. म्हणून पहिलं कडवं आधी कन्नडमध्ये ऐका आणि लगेच मराठीत. शेवटच्या ओळीत ती ताकातल्या लोण्यासारखी येते, म्हणजे ती घरात होतीच, हे दोन्हीकडं सारखं आहे.’

आणि खरोखरच मूळ कडवं आधी गा. साचा एकच असल्यानं पेटी-तबल्याला मध्ये थांबावं लागत नाही. मूळ कडवं संपलं की पालुपद एकदा कन्नडमध्ये, मग त्याच आवर्तनातून मराठी पालुपदावर यायचं. ‘सौ’ दोन्हीकडं एकाच जागी लोंबतो, त्यामुळं भाषा बदलायला तीच जागा सर्वांत सोपी पडते.

पुरंदरदास सोळाव्या शतकातले, त्यांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही. हयात किंवा अलीकडच्या कवीचं गीत घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. भारतात कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत लेखनाचा हक्क राहतो, आणि भाषांतर करण्याचा हक्क त्यातच येतो. जाहीर कार्यक्रमात गायच्या किंवा छापायच्या आधी लेखी परवानगी घ्या, आणि शब्द जुने असले तरी एखाद्या संगीतकारानं नव्यानं बांधलेली चाल वापरणार असाल तर तिचीही वेगळी घ्या.